सायन्स की कॉमर्स? आमच्या घरातला दहा दिवसांचा प्रयोग

दहावीचा निकाल लागला की मला ठरलेले फोन येतात. मी ज्युनिअर कॉलेजला अकाउंट्स शिकवतो, त्यामुळे माझं मत कॉमर्सकडे झुकलेलं असणार हे धरूनच पुढचं वाचा.

यंदाचा फोन घरातलाच होता. ताईचा मुलगा, 86 टक्के, काय करायचं ते ठरत नाही. ताईचं ठरलेलं होतं. "अरे, सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात. पुढे नाही जमलं तर कॉमर्सला येईल." इंटिग्रेटेड कॉलेजचं माहितीपत्रकही आणून ठेवलं होतं. म्हणजे प्रवेश कॉलेजात, पण मुलगा दिवसभर क्लासमध्ये. प्रॅक्टिकल्स बोर्डाच्या तोंडावर उरकायची.

ताईचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते खरं निम्मं मी तिला आधी सांगितलं. बारावी कॉमर्स केल्यावर इंजिनिअरिंग, मेडिकल, आर्किटेक्चर ही दारं बंद होतात. एनडीएतसुद्धा आर्मीला कुठलीही शाखा चालते, नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं. उलट सायन्सवाल्याला बी.कॉम., सीए, लॉ सगळं मोकळं. सीए फाउंडेशनला शाखेची अटच नाही.

पण त्या उघड्या दारातून येणारी मुलं मी वर्गात बघतो. दोन वर्षं क्लासच्या टेस्टमध्ये मागे पडून, बोर्डातही जेमतेम मार्क घेऊन ती बी.कॉम.ला येतात. फाउंडेशनच्या चार पेपरांतला पहिला 100 मार्कांचा पेपर सरळ अकाउंटिंगचा. शेजारच्या मुलाने दोन वर्षं खतावणी, घसारा, बँक जुळवणी पत्रक घोटलेलं असतं आणि हा "नावे म्हणजे कुठली बाजू?" इथपासून सुरुवात करतो. हुशार पोरं तीन-चार महिन्यांत भरून काढतात. बाकीच्यांना विषयापेक्षा "आपल्याला ते जमलं नाही" हेच जड जातं.

म्हणून मी ताईकडे दहा दिवस मागितले. बालभारतीची अकरावीची पुस्तकं नेटवर फुकट आहेत. त्यातून दोन गोष्टी घेतल्या: फिजिक्समधलं 'प्रतलातील गती' आणि पुस्तपालनातलं रोजकीर्द ते तेरीज पत्रक. रोज दोन्हीला दीड-दीड तास. मार्क मोजायचे नाहीत. चूक झाल्यावर मुलगा काय करतो, तेवढंच बघायचं.

फिजिक्सचं गणित साधं होतं. 20 मीटर उंच गच्चीवरून 15 मीटर प्रति सेकंद वेगाने आडवा चेंडू फेकला, तर तो किती लांब पडेल? (g 10 धरायचा.) आडवा वेग आडवाच राहतो, खाली पडायला सुरुवात शून्यापासून होते. 20 मीटर पडायला 2 सेकंद, म्हणजे उत्तर 30 मीटर. भाच्याने तो 15 चा वेग खाली पडण्याच्या समीकरणात घातला. गंमत अशी की त्यातूनही वेळ बरोबर 1 सेकंद आला आणि उत्तर 15 मीटर. इतकं सुबक उत्तर आल्यावर शंका कोणाला येणार? पुस्तकात 30 बघून त्याने सोडवलेलं उदाहरण उघडलं, वाचलं, "हां, कळलं" म्हणाला आणि पुढे गेला. दोन दिवसांनी मी तेच गणित 45 मीटर उंची आणि 20 चा वेग देऊन घातलं. चूक तीच. आणि "आडवा वेग खाली पडण्यात का येत नाही?" हा प्रश्न त्याला दोन्ही वेळा पडला नाही.

इथे घाई करू नका. दहावीत सदिश नसतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस बहुतेकांची तारांबळ उडते. चुकण्यावरून काही ठरवू नये. चुकल्यावर मूल स्वतःच्या आकृतीकडे परत जातं की थेट उत्तराकडे, ते बघा.

आता अकाउंट्स. एका दुकानदाराच्या महिन्याभराच्या वीस नोंदी केल्या, खतावणी केली, तेरीज मांडलं. तेरजेच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, इथे 630 रुपयांचा फरक. मी त्याला दोन जुन्या युक्त्या सांगितल्या होत्या. फरक निम्मा करा आणि तो आकडा शोधा, सापडला तर ती रक्कम चुकीच्या बाजूला गेली असण्याची शक्यता. नाहीतर फरकाला 9 ने भाग जातो का बघा, गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी. 315 कुठेच नव्हते. 630 भागिले 9, बरोबर 70. मग पठ्ठ्या प्रत्येक खातं बोट ठेवून तपासत बसला. ताईने दोनदा चहाला हाक मारली. चाळीस मिनिटांनी सापडलं: मजुरी 4,810 ची 4,180 लिहिली होती. "मामा, पण 9 च का?" हे त्याने आपणहून विचारलं आणि मग आम्ही शतक-दशक मांडून ते सोडवलं.

लगेच टाळ्या वाजवू नका. नवव्या दिवशी मी त्याला करार कायद्याची पाच पानं दिली आणि साहेब तिसऱ्या पानावर झोपले. फाउंडेशनला बिझनेस लॉचा पेपर लिहून द्यावा लागतो, प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण 50 टक्के लागतात. जून 2024 ला शंभरातले सुमारे 15 पास झाले होते. "सायन्स झेपत नाही म्हणून कॉमर्स" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

ताईला आणखी एक गोष्ट उलगडून सांगावी लागली. सायन्स आणि क्लास ही एकच वस्तू नाही. एमएचटी-सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. जेईई मेनला 75 प्रश्न तीन तासांत, प्रश्नाला जेमतेम अडीच मिनिटं आणि चुकलं की एक मार्क कापला. विषय आवडणं वेगळं, हा वेग झेपणं वेगळं. ज्याला विषय आवडतो पण वेग नको, त्याने साधं कॉलेज घेऊन फक्त सीईटी द्यावी. तिथे सुमारे 80 टक्के प्रश्न बारावीवर असतात, चुकीला दंड नाही. दोन वर्षं सकाळी आठ ते रात्री आठ त्यासाठी लागत नाहीत. भाच्याची आडव्या वेगाची अडचण मिटली असती, तर मी ताईला हेच सुचवलं असतं.

आणि पैसे भरायचेच असतील तर सगळे एकदम भरू नका. मुलगा मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. क्लासवाले पावतीच्या मागे बारीक अक्षरात याच्या उलट छापतात. माझ्या एका शेजाऱ्यांचे दोन हप्ते तसेच गेले.

भाच्याने फॉर्ममध्ये कॉमर्स भरलं. माझी एकच अट होती, सेक्रेटरिअल प्रॅक्टिसऐवजी मॅथ्स घ्यायचं. पोरं मार्क सोपे पडतात म्हणून एसपी घेतात आणि फाउंडेशनच्या क्वांटिटेटिव्ह पेपरला अडकतात. ताई अजून माझ्यावर थोडी नाराज आहे. माहितीपत्रक फ्रिजवर तसंच आहे, त्याच्या मागच्या बाजूला 4,810 आणि 4,180 एकाखाली एक लिहिलेले आहेत.