स्पीडही वेग आणि व्हेलॉसिटीही वेग?

“नोट्स मराठीत लिहिण्याबद्दलचा तुमचा लेख वाचून मुलीने फिजिक्सच्या नोट्समधले इंग्रजी शब्द काढून मराठी घातले. आता तिचं तिलाच वाचून कळेना. सर शिकवतात तसं मिसळून लिहिलेलं काय वाईट होतं?” – एक आई, निपाणी

ताई, तिने बहुधा शब्द काढला, शब्द घातला, असं केलं असावं. पीयूसीच्या वर्गातलं हे नेहमीचं वाक्य घ्या: “कार कर्व्हवर कॉन्स्टंट स्पीडने जाते, पण तिची व्हेलॉसिटी चेंज होते, म्हणून अ‍ॅक्सलरेशन आहे.” बोलताना आपण स्पीडलाही वेग म्हणतो आणि व्हेलॉसिटीलाही. मग वहीत उतरतं, “गाडी स्थिर वेगाने जाते, पण वेग बदलते.” हे कुणालाच कळणार नाही.

मराठी पाठ्यपुस्तकांत स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग, अ‍ॅक्सलरेशन म्हणजे त्वरण. वेगाला दिशा असते, चालीला नसते. म्हणून वाक्य असं हवं: “वळणावर गाडीची चाल स्थिर असली तरी दिशा बदलत असल्यामुळे तिचा वेग बदलतो, म्हणून गाडीला त्वरण असते.” सरांच्या तोंडी ‘दिशा’ नव्हती, ती व्हेलॉसिटी या शब्दातच होती. मराठीत ती उघड लिहावी. लिंगही बदलतं, तेही पाहा: व्हेलॉसिटी बदलते, वेग बदलतो. वहीतल्या त्या पहिल्या वाक्यात ‘बदलते’ तसंच राहिलं, म्हणून ते कानाला खटकतं.

त्यामुळे वाक्यांना हात लावण्याआधी मागच्या पानावर तक्ता करायचा: इंग्रजी संज्ञा, मराठी संज्ञा, चिन्ह, एकक. मराठीच्या रकान्यात एकच शब्द दोनदा आला की तिथेच थांबून पुस्तक उघडायचं. ‘चेंज होते’, ‘इन्क्रीज होतो’ यांना तक्त्यात जागा नको, ते थेट ‘बदलते’, ‘वाढतो’. न्यूटन, ज्यूल ही एककं आणि `v = u + at` सारखी सूत्रं आहेत तशीच ठेवायची.

आपल्या कर्नाटक सीमाभागात आणखी एक खड्डा आहे. कन्नड पुस्तकात ‘शक्ती’ म्हणजे एनर्जी, मराठीत शक्ती म्हणजे पॉवर; एनर्जीला आपण ऊर्जा म्हणतो. शेजारच्या मैत्रिणीच्या कन्नड वहीवरून उतरवलेलं “शक्ती ज्यूलमध्ये मोजतात” मराठी नोट्समध्ये चूकच ठरतं, कारण शक्तीचं एकक वॅट आहे. एककाचा रकाना असेल तर ही चूक लगेच दिसते.

पेपर इंग्रजीत असेल तर तक्त्यातला इंग्रजी रकाना पाठ हवाच. नोट्स जमल्या का, हे बघायला तिला मराठी परिच्छेद वाचून तोंडी इंग्रजीत सांगायला लावा. वेग वाचून ती ‘स्पीड’ म्हणाली, तर त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून तेवढीच ओळ पुन्हा लिहायची.