शुभेच्छांसाठी वही ठेवली तर माया खोटी ठरते का?

आपल्या माणसांचं बोलणं शुभेच्छांसाठी वहीत टिपून ठेवण्यावर एक आक्षेप घेतला जातो: "खरी माया असेल तर माणसाच्या गोष्टी आपोआप लक्षात राहतात. त्या वहीत टिपून वाढदिवसाला वापरायच्या, हा निव्वळ बनाव. शिवाय आपल्याच माणसांवर पाळत ठेवल्यासारखं होतं ते."

आधी 'आपोआप'चं बघू. आपल्या लक्षात राहतो तो बोलण्याचा मथितार्थ, शब्द निसटतात. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना उतारा ऐकवायचा आणि मग त्यातलं एखादं वाक्य जरा बदलून पुन्हा समोर ठेवायचं. मधे जेमतेम ऐंशी अक्षरांचा मजकूर कानावरून गेला, तरी अर्थातला बदल लोकांना कळत होता. अर्थ तोच ठेवून नुसती रचना फिरवली, तर ती बहुतेकांच्या लक्षातच येत नव्हती. एखादं चटका लावणारं वाक्य वर्षानुवर्षं राहतं, हे खरं. पण शुभेच्छांना जीव येतो तो साध्या वाक्यांनी, आणि नेमकी तीच आधी पुसली जातात.

समजा, ताईने नवा चष्मा घेतला आणि फोनवर म्हणाली, "आता जिना उतरताना पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत." वहीत 'ताई, नवा चष्मा, खूश' एवढंच लिहिलं, तर सहा महिन्यांनी त्यातून 'अशीच आनंदी राहा' याखेरीज काही निघणार नाही. तिचं वाक्य अवतरणात, तारखेसह लिहिलेलं असेल, तर मेसेज आयता तयार असतो: "ताई, आता पायऱ्या मोजत नाहीस, तशीच वर्षंही मोजू नकोस." म्हणून विशेषणं गाळायची आणि तोंडचे शब्द ठेवायचे. एका नोंदीला दोन ओळी पुष्कळ झाल्या, फक्त त्या त्याच दिवशी लिहायच्या.

बनावाचा आरोप मला तरी पटत नाही. वाक्य तिचं, ऐकलं आपण, लिहून ठेवलं तेही आपणच. यात खोटं काय आहे? बनाव वाटतो तो नोंद शिळी झाल्यावर. मित्र मार्चमध्ये नव्या नोकरीबद्दल भरभरून बोलला होता आणि ऑक्टोबरपर्यंत ती सुटली असेल, तर तीच ओळ त्याला टोचेल. त्यामुळे जुनी नोंद वापरण्याआधी एकदा सहज बोलून घ्यावं. वापरलेल्या ओळीपुढे साल टाकावं, नाहीतर तोच किस्सा पुढच्या वर्षी पुन्हा जातो.

पाळतीच्या मुद्द्यात मात्र दम आहे. तिसऱ्याकडून कळलेलं किंवा कुणाच्या फोनमध्ये डोकावून दिसलेलं या वहीत येता कामा नये. त्या माणसाने स्वतः आपल्याला सांगितलेलं किंवा आपल्यासमोर घडलेलं, तेवढंच लिहायचं. आजारपण, पैशाची अडचण, घरातली भांडणं यांना तर वहीत जागाच नको, कारण ती शुभेच्छांच्या कामाची नाहीत आणि वही दुसऱ्याच्या हाती पडली तर घोटाळा. लिहिताना एकच पाहावं: हे पान त्याच माणसाने वाचलं, तर आपण नजर चुकवू का? चुकवू असं वाटलं, तर ती ओळ तिथल्या तिथे खोडावी.