ॲसिड फॅट जाळत नाही, आणि नळीतला वरचा आकडा म्हणजे फॅट नव्हे

«दूध उत्पादकांनो सावध! डेअरीत फॅट काढताना नळीत ओततात ते ॲसिड दुधातली फॅट जाळून टाकतं. ॲसिड जास्त ओतलं की फॅट कमी लागते. अमाइल अल्कोहोलचा तर काही उपयोगच नाही, फॅट वरखाली करायलाच ते टाकतात. नळीत तेल ज्या आकड्यापर्यंत चढलंय तीच तुमची खरी फॅट. चिठ्ठीवर त्याच्यापेक्षा कमी लिहिली असेल तर ती चोरी!»

वरचा इशारा दूध उत्पादकांत फिरतो आहे. बीड जिल्ह्यातल्या एका शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं फॅट मोजायच्या या गर्बर नळ्या फिरवल्या. आता घरी दोन म्हशी आहेत आणि मीही फॅटवरच पैसे घेते. त्यामुळे फॅट मारली जात असेल तर माझाही जीव तुटतो. पण शेतकऱ्याने भांडायचं ते बरोबर जागी, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ॲसिडचं. दुधातली फॅट ही बारीक थेंबांच्या रूपात असते. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ वेष्टण असतं, आणि ते थेंब केसीन नावाचं प्रथिन मिसळलेल्या पाण्यात तरंगत असतात. वेष्टण आहे तोवर हे थेंब एकमेकांत मिसळून तेल होत नाहीत. नळीतलं १० मिली सल्फ्युरिक ॲसिड हे वेष्टण आणि केसीन दोन्ही विरघळवून टाकतं. साखर आणि प्रथिनं करपतात म्हणून मिश्रण तपकिरी होतं. ते करपणं बघूनच लोकांना वाटत असावं की फॅट जळाली. पण फॅट या तीव्रतेच्या ॲसिडात एवढ्या थोड्या वेळात विरघळत नाही. ती मोकळी होते, वितळते आणि एकत्र येते. दूध आणि ॲसिड मिसळताना नळी इतकी तापते की फडक्यात गुंडाळल्याशिवाय हातात धरवत नाही, ती उष्णता वितळवायला कामी येते.

ॲसिडचं आणखी एक काम आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. फॅट आणि दूध यांच्या वजनात फरक थोडाच असतो. ॲसिड मिसळल्यावर खालचं मिश्रण पाण्याच्या जवळपास दीडपट जड होतं, म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० ते १२०० फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवलं की हलकी फॅट सुटून नळीच्या बारीक दांड्यात येते. म्हणजे ॲसिड नसेल तर फॅट अशी सुटून वर येणार नाही.

मिलीभर ॲसिड जास्त पडलं तर आकडा फारसा हलत नाही. खरा घोळ होतो तो ॲसिडच्या तीव्रतेत, आणि तो नळीत डोळ्यांनी दिसतो. या कामाला वजनाने ९० ते ९१ टक्क्यांचं ॲसिड लागतं. २७ अंशांना त्याची घनता १.८०७ ते १.८१२ असावी लागते. बाजारात मिळणारं ९८ टक्क्यांचं ॲसिड तसंच वापरलं तर सगळं करपतं. फॅट काळसर दिसते, तिच्या बुडाशी काळे कण साचतात आणि सीमारेषा कळत नाही. उलट ॲसिड पातळ असेल तर केसीन पूर्ण विरघळत नाही, फॅटच्या खाली पांढुरका दह्यासारखा थर राहतो, त्यात फॅट अडकते आणि आकडा कमी येतो. हे दुसरं आपल्याकडे पावसाळ्यात जास्त होतं, कारण बाटलीचं बूच उघडं राहिलं की सल्फ्युरिक ॲसिड हवेतली ओल ओढून घेतं. जून महिन्यात बरोबर असलेलं ॲसिड ऑगस्टमध्ये पातळ झालेलं मी स्वतः हायड्रोमीटर बुडवून पाहिलं आहे. शेतकऱ्याने बघायचं ते एवढंच: फॅटचा पट्टा स्वच्छ, पारदर्शक, गवती पिवळा आहे का, आणि त्याच्या खाली काळं किंवा पांढरं काही आहे का. असेल तर तो आकडा मानू नका, नळी पुन्हा लावायला सांगा.

अमाइल अल्कोहोलबद्दल थोडी गोष्ट खरी आहे आणि तीच सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे. १ मिली अल्कोहोल फॅट आणि ॲसिडच्या मिश्रणातला पृष्ठताण कमी करतं. त्यामुळे बारीक थेंब चटकन एकत्र येतात आणि दोघांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसते. ते करपणंही आटोक्यात ठेवतं. ते स्वतः ॲसिडच्या भागात जातं, फॅटमध्ये राहत नाही, म्हणून आकड्यात मोजलं जात नाही. पण दीड-दोन मिली ओतलं किंवा भेसळीचं अल्कोहोल वापरलं तर थोडं तेल होऊन वर बसतं आणि फॅट जास्त दिसते. म्हणजे चुकीच्या अल्कोहोलने फॅट वाढते; टाकलंच नाही तर नळी वाचताच येत नाही. अल्कोहोल चांगलं आहे का, हे बघायची सोपी परीक्षा आहे: दुधाऐवजी तेवढंच पाणी घ्यायचं, ते ॲसिडवर काठाकाठाने हळू सोडायचं, अल्कोहोल टाकून नेहमीसारखं फिरवायचं. दांड्यात तेलाचा पट्टा दिसायला नको. दिसला तर ती बाटली बाजूला ठेवायची. हे काम प्रयोगशाळेतल्या माणसानेच करावं, कारण पाणी आणि ॲसिड मिसळताना नळी दुधापेक्षाही जास्त तापते.

आता आकड्याचं. इथे जरा थांबते, कारण भांडणं इथेच होतात.

मागच्या डिसेंबरात शेजारचे तात्या सकाळी सकाळी आले. संकलन केंद्रावर यंत्राच्या आकड्यावरून वाद झाला म्हणून नळी लावली होती, आणि चिठ्ठीवर ६.० लिहून दिलं होतं. तात्यांनी मोबाइलवर नळीचा फोटो काढून आणला होता. "ताई, तेल सातापर्यंत चढलंय, डोळ्यांनी बघा. सहा कुठून आले?"

फोटोत तेल खरंच ७ च्या खुणेपर्यंत होतं. पण त्याचा खालचा काठ शून्यावर नव्हता, १ वर होता. गर्बर नळीचं बूच किल्लीने आत-बाहेर सरकवता येतं. बूच आत दाबलं की सगळा पट्टा वर सरकतो, सैल केलं की खाली येतो. म्हणून वरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. वाचणारा खालचा काठ एखाद्या पूर्ण आकड्याच्या रेघेवर आणून बसवतो आणि मग वरचा आकडा उणे खालचा आकडा करतो: ७ उणे १, म्हणजे ६. खालचा काठ २ वर बसवला असता तर वर ८ दिसले असते, तरी फॅट तेवढीच राहिली असती. तात्यांना हे मी पाण्याने भरलेल्या साध्या प्लास्टिकच्या नळीवर करून दाखवलं, आणि त्यांना लगेच पटलं.

वरच्या टोकाला आणखी एक बारकावा आहे. तेलाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, काचेला लागून कडा वर चढते आणि मधे खोलगट होतो. वाचायचं ते खोलगटाचं बूड. नळी उभी धरायची आणि डोळा त्याच पातळीवर आणायचा. वरून किंवा खालून बघितलं तर अर्धा-एक दशांश सहज चुकतो, कुणाच्या बाजूने चुकेल ते डोळा कुठे आहे त्यावर ठरतं.

तरी ती चिठ्ठी मला पूर्ण पटली नव्हती. फोटोत नळी लाकडी स्टँडवर उभी होती आणि बाजूला केंद्राची थंडगार फरशी दिसत होती. नळीवरचे आकडे ६५ अंशांसाठी आखलेले असतात. त्याचा हिशेब असा: नळीत १०.७५ मिली दूध घेतात, ते वजनाला साधारण ११ ग्रॅम भरतं. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे ०.११ ग्रॅम फॅट, आणि ६५ अंशांना तेवढी फॅट ०.१२५ मिली जागा घेते. दांड्यावरच्या १ टक्क्याच्या घरात नेमकी तेवढीच जागा असते, म्हणून गुणाकार-भागाकार न करता थेट टक्के वाचता येतात. पण फॅट थंड झाली की आकसते आणि तीच फॅट कमी दिसते. म्हणून फिरवल्यावर नळ्या ६५ अंशांच्या पाण्यात निदान तीन ते पाच मिनिटं ठेवाव्या लागतात आणि बाहेर काढल्या काढल्या वाचाव्या लागतात.

आम्ही दोघं केंद्रावर गेलो. नळी अजून स्टँडवरच होती. तिथल्या पोराला मी सांगितलं, "बाळा, ही परत गरम पाण्यात टाक, पण आधी थर्मामीटर लाव." त्या पाण्यात थर्मामीटर ४५ दाखवत होता, सकाळपासून कुणी बघितलंच नव्हतं. पाणी ६५ वर आणलं, नळी पाच मिनिटं ठेवली, बूच फिरवून खालचा काठ पुन्हा १ वर बसवला आणि वाचलं. वरचा काठ ७.१ वर आला होता. म्हणजे ६.१. त्या पोराने मुद्दाम काही केलं नव्हतं, पण एक दशांश गेला होता आणि तो रोज सगळ्यांचा जात असणार.

हे गणितातही बसतं. दुधाची फॅट एक अंश थंड झाली की हजारात सुमारे पाऊण भाग आकसते. वीस अंशांना ते दीड टक्का होतं, आणि ६.१ चा दीड टक्का म्हणजे सुमारे ०.०९.

याहून मोठा फटका पिपेटमधून बसतो. १०.७५ मिलीच्या ऐवजी साधी १० मिलीची पिपेट वापरली तर ६.१ फॅटचं दूध ५.७ लागतं, आणि नळीत बघून ते कुणालाच कळत नाही. पिपेटवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. नमुना घेण्याआधी कॅनमधलं दूध नीट ढवळलं का तेही बघा, कारण दुधावर मलई चढते आणि वरून किंवा खालून घेतलेला नमुना दोन वेगवेगळे आकडे देतो.

तात्यांनी त्या दिवशी चिठ्ठी दुरुस्त करून घेतली. आता ते केंद्रावर गेले की पहिल्यांदा गरम पाण्यात थर्मामीटर आहे का ते विचारतात.