३१ टक्के आणि तिरकी स्कूटर

काल कात्रजच्या चढावर माझी इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडली. स्क्रीनवर बॅटरी ३१ टक्के. मागून हॉर्न सुरू, मी ढकलत कडेला.

तिथे एक काका, हातात दुधाची पिशवी.

"पेट्रोल संपलं?"

"काका, इलेक्ट्रिक आहे."

"मग तिरकी करा."

"अहो, हिच्यात पेट्रोलच नाही."

"आमची जुनी स्कूटर अशीच बंद पडायची. डावीकडे आडवी करायची, दहा आकडे मोजायचे. धरा." असं म्हणून दुधाची पिशवी माझ्या हातात देऊन काकांनी माझी लाखाच्या वरची गाडी स्वतःच आडवी केली आणि मोठ्याने मोजायला लागले, मध्येच खोकला आला म्हणून पुन्हा एकपासून.

चावी फिरवली. चालू झाली!

आता त्या दोन मिनिटांत लोड नव्हता म्हणून व्होल्टेज सावरलं होतं एवढंच, पण हे काकांना कोण सांगणार. मी सांगितलं. "पेट्रोल असो नाहीतर करंट, खाली यायलाच लागतो," म्हणाले. जरा पुढे जाऊन गाडी पुन्हा बंद, आणि काका शांतपणे चालत आले आणि पिशवी पुन्हा माझ्याकडे.

आज बॅटरीवाल्याने लॅपटॉप लावून दाखवलं. आत सेलचे १४ गट, एकामागे एक जोडलेले. गाडी उभी असताना तेरा गट ३.६२ व्होल्टवर आणि नववा एकटा ३.३८ वर. चाक उचलून ब्रेक धरून थोडा लोड दिला तर तेरा जेमतेम ३.३ पर्यंत उतरले, पण नववा थेट २.७८. बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट म्हणजे बीएमएस, त्याची मर्यादा २.८; एकही गट त्याखाली गेला की ते गाडी बंद करतं. पंगतीतला एक उठला की सगळे उठणार, कारण त्याला तसंच दामटलं तर तो सेल कायमचा बाद होतो आणि पुढच्या चार्जिंगला धोका. म्हणजे बीएमएस बरोबर आहे. सपाट रस्त्यावर करंट कमी लागतो म्हणून हे कळतच नाही, चढावर बरोबर उघडं पडतं. स्क्रीनवरचे टक्के मात्र अख्ख्या पॅकच्या हिशोबाचे, नवव्याचे नाहीत.

बरं, बॅलन्सिंग, म्हणजे सगळे गट एका पातळीवर आणणं, होतं कधी? तर बॅटरी जवळजवळ फुल झाल्यावर, आणि तेही ५० मिलीअँपने. सहा अँपिअर-तासांचा फरक असेल तर १२० तास लागतील! आणि पुस्तिकेत काय लिहिलंय, तर बॅटरी टिकवायची असेल तर ८० टक्क्यांवर चार्जर काढा. म्हणजे टिकवायची का बॅलन्स करायची हे एकदा ठरवा ना राव. त्यातून तो गट म्हाताराच झाला असेल, आणि लोडवर इतका पडतोय म्हणजे झालाय बहुतेक, तर चार्जरला जन्मभर लावून ठेवलं तरी उपयोग नाही, तो बदलायलाच लागतो.

सगळ्यात कमी व्होल्टेजचा गट बीएमएसला माहीत असतोच की, मग तो आकडा मला का दाखवत नाहीत? कंपनीला फोन केला. "सर, ॲप अपडेट करा." केलं. स्क्रीनला नवीन रंग आले. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे कपॅसिटी ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच. मोजणार कोण? तेच.