‘भावकॉपी असताना ३.२० ची घाई कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

*प्रतिक्रिया (एक वाचक, पर्वरी):* काका, तुमच्या आकड्यांवर विसंबू नये असं स्पष्ट वाटतं. एकाच स्ट्राइकच्या कॉलचा आणि पुटचा आयव्ही दोन-दोन टक्क्यांनी वेगळा कसा? ओआय एका दिवसात पंचाहत्तरपट कसा होतो? आणि भावकॉपी रोज संध्याकाळी फुकट मिळते, तिच्यातल्या शेवटच्या भावावरून आयव्ही काढता येतो, मग ३.२० ला स्क्रिप्ट चालवायची घाई कशाला? अभ्यास वेगळा आणि घरी बसून कॉम्प्युटरशी खेळणं वेगळं.

नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. चूक दाखवायची तर तारीख द्यावी, स्ट्राइक द्यावा. ‘खेळणं’ म्हटल्याने कोणाचा आकडा चुकीचा ठरत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन सुरू झाले, तेव्हापासून मी त्यांच्या आयव्हीची, म्हणजे ऑप्शनच्या भावातून निघणाऱ्या अपेक्षित चढउताराच्या टक्क्याची, आणि ओआयची, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांची, नोंद ठेवतोय. पहिली दीड वर्षं वहीत, हाताने. फोंड्यातल्या आमच्या घरी पावसाळ्यात फणसाची फांदी तारांवर पडली की दुपारची वीज जाते, म्हणून पदरचे पैसे घालून यूपीएस घेतला. त्याला खेळ म्हणायचा तुम्हाला काय अधिकार?

एक गोष्ट मान्य करतो. ओआयच्या आलेखातली उडी ही माझी चूक आहे. एनएसईच्या साइटवरच्या ऑप्शन चेनवर ओआय कॉन्ट्रॅक्टमध्ये दिसतो, भावकॉपीत, म्हणजे एनएसईच्या दिवसअखेरच्या भावांच्या फाइलीत, तो संख्येत असतो. चार दिवस मी भावकॉपीचा आकडा लॉटने न भागताच त्याच रकान्यात टाकला. लॉट तेव्हा ७५ चा होता. ते चार दिवस दुरुस्त केलेत, आणि आता त्या दिवशीचा लॉटही प्रत्येक ओळीत लिहितो, कारण लॉट बदलतो: नोव्हेंबर २०२४ मध्येच तो नव्या कॉन्ट्रॅक्टसाठी २५ वरून ७५ झाला. हेही सांगतो की ओआय मी अखेर भावकॉपीतूनच घेतो, कारण ३.२० चा ओआय दिवसअखेरचा नसतो. म्हणजे भावकॉपीशी माझं वैर नाही.

आयव्हीचं मात्र तसं नाही, आणि तुम्ही जे एका ओळीत उडवून लावलंत ते नीट मांडतो.

ऑप्शनच्या भावाइतकाच निर्देशांकाचा भाव आयव्हीत मोलाचा असतो, आणि दोन्ही एकाच मिनिटाचे लागतात. निफ्टीचा अधिकृत बंद भाव ३.३० चा नसतो. तो त्यातल्या शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरी भावांवरून येतो. ऑप्शनचा शेवटचा सौदा मात्र ३.२९ चाही असू शकतो. मी एका पतसंस्थेत बावीस वर्षं कॅशियर होतो. एकदा पेटीतली रोकड आणि खात्यातली शिल्लक चार हजारांनी जुळेना. सगळे चोर शोधू लागले. शेवटी निघालं एवढंच, की रोकड पाच वाजता मोजली होती आणि शिल्लक चारची होती. तेव्हापासून वेळ न लिहिलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

गोल आकडे घेऊन दाखवतो. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते, म्हणून सोमवार धरा, एक दिवस उरलेला. शेवटच्या अर्ध्या तासात बाजार चढला. ३.२९ ला निफ्टी २५,०४० वर, पण सरासरीमुळे अधिकृत बंद २५,०००. त्याच मिनिटाला २५,००० चा कॉल ८५ ला आणि पुट ४५ ला गेला. आता तुमच्या पद्धतीने भावकॉपीतले हे दोन भाव आणि २५,००० हा बंद भाव सूत्रात घाला. कॉलचा आयव्ही १६ टक्क्यांच्या वर येतो, पुटचा साडेआठच्या आसपास. खरा आकडा दोन्हींचा १२ आहे. निर्देशांकाचे ४० अंक इकडचे तिकडे झाले आणि १२ चा १६ झाला. एक दिवस उरलेला असताना आयव्हीचा एक टक्का म्हणजे ऑप्शनच्या भावात जेमतेम सव्वापाच रुपये, म्हणून एवढी चूक. सात दिवस उरले असते तर तोच टक्का जवळपास चौदा रुपयांचा असता आणि चूक दीड टक्क्यावर आली असती. जितकी एक्स्पायरी जवळ, तितकी ही चूक मोठी.

म्हणून माझी स्क्रिप्ट बंद भाव घेतच नाही. ती त्याच क्षणीच्या बिड-आस्कमधून फॉरवर्ड काढते:

```
F = K + (call_bid + call_ask)/2 - (put_bid + put_ask)/2
```

वरच्या उदाहरणात २५,००० + ८५ − ४५, म्हणजे २५,०४०. तुम्ही म्हणाल, हे भावकॉपीतल्या भावांवरूनही करता येतं. मधल्या स्ट्राइकला येतं, कारण तिथे कॉल-पुट दोन्हींचे सौदे शेवटच्या मिनिटापर्यंत चालू असतात. दूरच्या स्ट्राइकला येत नाही. हजार अंक लांबच्या पुटचा शेवटचा सौदा दोन वाजून दहा मिनिटांनी झाला असेल, आणि भावकॉपीत `LastPric` असतो पण तो किती वाजताचा हे कुठेच नसतं. बिड-आस्कही नसतात. त्यावरून आयव्ही काढला की स्ट्राइकगणिक आलेख करवतीसारखा वर-खाली होतो. असा दात दिसला की समजावं, भाव शिळा आहे. ३.२० ला मला बिड २ आणि आस्क ६ दिसला तर मी ती ओळ बाद करतो. भावकॉपी वापरणाऱ्याला ती ओळ बाद करायची हे कळणारच नाही. रात्री भावकॉपी उघडून ३.२० चे बिड-आस्क परत मिळत नाहीत, यासाठी ही ‘घाई’.

३.२० का, तर पहिला प्रयत्न फसला तर ३.३० पर्यंत आणखी दोनदा करता येतो. वेळापत्रकाची ओळ इतकीच आहे, मशीनची वेळ भारतीय:

```
20 15 * * * /home/nifty/snap.sh
```

इथे आधी `1-5` होतं, सोमवार ते शुक्रवार. १ फेब्रुवारी २०२५ ला बजेट शनिवारी आलं, बाजार चालू होता आणि माझी ओळ रिकामी राहिली. आता स्क्रिप्ट रोज उठते, आलेल्या भावावरची तारीख आजची नसेल तर काही न लिहिता थांबते. रिकामा दिवस मी भावकॉपीतून भरत नाही, रिकामाच ठेवतो.

कॉल-पुटच्या आयव्हीतल्या फरकाबद्दल: तुम्ही पाहिलात तो जुना रकाना आहे, चेनवरचा आयव्ही जसाच्या तसा उतरवलेला. फॉरवर्डवरून काढलेल्या आयव्हीचा नवा रकाना शेजारीच आहे. फाइल उघडून तो न पाहता ‘विसंबू नये’ म्हणालात, याचं वाईट वाटलं.

पुढच्या वेळी तारीख आणि स्ट्राइक लिहा. त्या ओळीतले बिड, आस्क, फॉरवर्ड आणि वेळ मी इथेच उतरवून देतो, तुम्ही स्वतः हिशेब करून पाहा.