पहिल्या भेटीनंतर कळवायचं कोणी?

‘मावशी, शनिवारी भेटलो. कॉफी झाली, मग हनुमान टेकडी चढलो, अंधार पडला तरी बोलणं संपेना. आज बुधवार. त्याचा मेसेज नाही, माझाही नाही. आता मी केला तर उतावीळ दिसेन का? आणि लिहू काय?’

कर. आज संध्याकाळीच, ऑफिस सुटल्यावर. रात्री साडेबाराला नको, त्या वेळच्या मेसेजला वेगळाच वास येतो.

भाचीला मी एवढंच कळवलं आणि पुढे तासभर फोनवर वाद झाला, कारण तिच्याकडे पुण्यातलं बहुमत तयार होतं. तिची रूममेट म्हणते, मुलाला इंटरेस्ट असेल तर तो करतोच; नाही केला म्हणजे विषय संपला. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, हल्ली मुलं घाबरतात, दोन मेसेज केले की केस व्हायची. इथे ॲमस्टेलव्हीनमध्ये आमच्या शेजारी एक काका राहतात, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, ‘मुलाकडच्यांनी चार दिवसांत कळवलं नाही म्हणजे नकार. पत्रिका जुळली नसेल.’ पत्रिका कोणी पाहिलीच नाहीये हे सांगून उपयोग झाला नाही. पण काकांच्या घोळातच मला खरी गोष्ट दिसली.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘कळवतो’ म्हणायचं काम मुलाकडचं होतं. मुलीकडचे वाट बघत आणि फारच दिवस गेले की मध्यस्थाला फोन करत. मध्यस्थ चाचपून घेई, नकार असला तर तो ‘मुलाला इतक्यात करायचं नाहीये’ अशा शब्दांत गुंडाळून आणे. दोन्हीकडची अब्रू शाबूत राही. टेकडीवर भेटलेल्या या दोघांमध्ये मध्यस्थच नाही. तरी सवय तीच राहिली आहे, आणि गंमत म्हणजे आता दोघंही मुलीकडचे होऊन बसलेत. बम्बलसारख्या ॲपवर पहिलं कोणी बोलायचं याचा नियम तरी असतो, पण तो भेटीआधीचा. भेटीनंतरचा नियम कोणी करून दिलेला नाही.

इथे नेदरलँड्समध्ये ही कोंडी बऱ्याचदा पैशांमुळे फुटते. बिल निम्मं-निम्मं करायची पद्धत आहे आणि २०१६ पासून त्यासाठी ‘टिकी’ नावाचं ॲप आहे: ज्याने बिल भरलं तो दुसऱ्याला लिंक पाठवतो. माझ्या एका डच सहकारी बाईला पहिल्या डेटनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अशी लिंक आली, साडेसहा युरोंची. आपल्याकडे एवढ्यावर तो मुलगा कायमचा बाद झाला असता. तिने पैसे भरले आणि खाली लिहिलं, ‘पोचले का? केक तुझा जास्त होता. पुढच्या गुरुवारी?’ पहिला मेसेज कोणी केला हा प्रश्न तिथे आलाच नाही, कारण तो हिशोबाचा होता. ‘गुरुवारी’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. इथे लोकांच्या वह्या दोन-तीन आठवडे पुढपर्यंत भरलेल्या असतात, म्हणून वार न सांगता ‘भेटू कधीतरी’ म्हणणं म्हणजे न भेटणंच.

पण डच लोकांचं सगळं उचलून पुण्यात ठेवता येणार नाही. जमलं नाही तर ते दोन ओळींत सांगतात: भेटून छान वाटलं, पण क्लिक झालं नाही. ऐकणाऱ्याला ते झोंबतं, तरी निकाल लागतो. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो, म्हणून नकारही गप्प राहूनच दिला जातो. त्यामुळे इथे चार दिवसांच्या शांततेचा फारसा अर्थ लावत नाहीत, पुण्यात मात्र ती संकोचाची असू शकते आणि नकाराचीही. रूममेट तेवढ्यापुरती बरोबर आहे. तिचं चुकतं ते एवढंच की ती त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावते, भाचीच्या गप्प बसण्याचा नाही. तो मुलगाही आत्ता कोणाला तरी विचारत असेल, ‘तिला इंटरेस्ट असता तर तिने केला नसता का?’

हा माझा नुसता आशावाद नाही. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनोळखी माणसांच्या गप्पांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज लोक सर्रास कमी बांधतात, असं त्यांत दिसलं. ते प्रयोग डेटवरचे नव्हते, म्हणून त्यावरून हा मुलगा भाळलाय असं म्हणता येत नाही. पण ‘त्याला मी बोअर वाटले असणार’ या तिच्या खात्रीला फारसा आधार नाही, इतकं नक्की.

मित्राची केसची भीतीही तपासून पाहू. पाठलागाचं कलम २०१३ मध्ये आलं आणि आता ते भारतीय न्याय संहितेत ७८ वं आहे. त्यात स्त्रीने नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार संपर्क करण्याबद्दल लिहिलंय, चांगल्या भेटीनंतरच्या एका मेसेजबद्दल नाही. पण कलम न वाचताही चांगल्या मुलांच्या मनात ही धास्ती असते, आणि त्यांनी जपून राहावं हे मला तरी वाईट वाटत नाही. म्हणून तर मेसेज तिने करावा.

आता मजकूर. भाचीचा पहिला मसुदा होता, ‘हाय, काय चाललंय?’ याला उत्तर एकच, ‘काही नाही, तुझं?’ आणि गाडी तिथेच थांबते. दुसरा होता, ‘घरी नीट पोचलास ना?’ चौथ्या दिवशी! तिसऱ्यात ‘तू मेसेज केला नाहीस म्हणून वाटलं’ होतं. ते मी खोडायला लावलं, कारण त्याने माणूस आधी सफाई देत बसतो. मग विचारलं, टेकडीवर नेमकं बोललात काय? कळलं की तो सांगलीचा आहे आणि पुण्यातली भेळ खोटी असते यावर त्याने व्याख्यान दिलं होतं. कॉफीचे पैसेही त्यानेच भरले होते आणि ही म्हणाली होती, ‘पुढची माझ्याकडे.’ मग एवढंच ठरलं:

‘तुझ्या भेळेच्या भाषणानंतर काल इथली खाल्ली, तुझं म्हणणं निम्मं पटलं. कॉफी माझ्याकडे लागते. रविवारी सकाळी जमेल का?’

यातलं भेळेचं वाक्य दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही, हीच त्याची किंमत. कॉफीचं देणं म्हणजे आपली टिकी. आणि वार ठरलेला आहे, म्हणून त्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

निळ्या खुणा बघत बसू नकोस असंही सांगितलं. त्या बंद करता येतात, शिवाय नोटिफिकेशनमध्ये वाचलेल्या मेसेजला त्या उमटत नाहीत. उत्तर आलं की बघायचं ते वाराकडे. ‘रविवारी गावी चाललोय, मंगळवारी संध्याकाळी?’ हा होकारच आहे. ‘हो हो, नक्की, बघू’ आणि खाली तीन हसरे चेहरे, पण वार नाही, तर चेंडू त्याच्याकडे सोडून द्यायचा. पुन्हा वार सुचवायचा नाही. काहीच उत्तर नाही, तर दुसरा मेसेज नाही. आठवड्याने एकदा विचारायला हरकत नाही असं तिच्या मित्राचं मत, माझं नाही.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. समजा दहा दिवसांनी त्याचं ‘सॉरी, कामात होतो, भेटू या ना’ आलं तर? भाची म्हणते, जाईन. रूममेट म्हणते, ब्लॉक कर. काका म्हणतात, आधी घरच्यांना भेटव. मी विचारलं, त्यात वार आहे का?