काखेत कळसा, राउटरला वळसा

धरमपेठेतल्या आमच्या वास्तुविशारदांच्या कार्यालयात नकाशांचा सर्व्हर माझ्या टेबलापासून जेमतेम दहा पावलांवर आहे. त्याच्या पंख्याची घरघर मला बसल्या जागी ऐकू येते, आणि मे महिन्यात त्याच्या प्रकृतीची चौकशी करण्याच्या निमित्ताने त्याच्या खोलीतल्या एसीची हवा खाऊन येणारे सहकारीही मला दिसतात. असे असूनही त्याच्यावरची दोन जीबीची फाइल माझ्या संगणकावर उतरायला तीन मिनिटे लागत. कार्यालयातले संगणक जी तक्रार करतात ती आमच्याकडे माझ्याच माथी येत असल्यामुळे, साइटवरचे आमचे ज्येष्ठ पर्यवेक्षक रोज माझ्यापुढे उभे राहून विचारीत, “भाऊ, इथल्या इथं काहून येवढा टाइम लागते?”

सर्वांचा पहिला संशय अर्थातच इंटरनेट पुरवणाऱ्यावर गेला. फाइल मुंबईला जाऊन परत येत असणार, हे मत तर चहाच्या टपरीवर एकमताने मंजूर झाले होते. मुख्य वास्तुविशारद, म्हणजे आमचे सर, यांनी १०० एमबीपीएसची जोडणी ३०० ची करून घेतली. बिल वाढले; फाइलने तीनच मिनिटे घेतली.

मुंबईची कल्पना मोहक असली तरी चुकीची होती. फाइल उतरत असताना राउटरचा आलेख उघडून पाहिला, तर बाहेरच्या तारेवर जवळजवळ शुकशुकाट होता, आणि आतल्या, म्हणजे लॅनच्या पोर्टवर मात्र येणारी आणि जाणारी अशा दोन्ही रेषा एकाच उंचीवर छताला टेकल्या होत्या. जे आत येत होते तेच त्याच दारातून परत आत पाठवले जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. फक्त येथे गाव म्हणजे भिंतीवर टांगलेला एक राउटर होता.

हा वळसा का पडतो हे पाहण्यासारखे आहे. बुटीबोरीच्या साइटवरून, घरून आणि कार्यालयातून सगळ्यांना एकच नाव वापरता यावे म्हणून सर्व्हरला `files.example.com` असे नाव होते (नाव आणि पत्ता लेखापुरते बदलले आहेत), आणि ते नाव जगात कोठेही विचारले तरी उत्तर एकच मिळे: `203.0.113.25`, म्हणजे आमच्या राउटरचा बाहेरचा पत्ता. माझ्या संगणकाच्या दृष्टीने हा पत्ता परक्या गावचा, म्हणून तो पॅकेट राउटरच्या हवाली करतो. राउटर पाहतो की हे तर आपलेच नाव. तो पोर्ट फॉरवर्डिंगच्या नियमाप्रमाणे मुक्कामाचा पत्ता बदलून `192.168.1.10` करतो आणि पॅकेट सर्व्हरकडे ढकलतो.

खरी गंमत पुढे आहे. राउटरने एवढेच केले तर पाठवणाऱ्याच्या जागी माझाच पत्ता, `192.168.1.50`, शिल्लक राहतो. सर्व्हर म्हणतो, हा तर शेजारचाच, याला उत्तर द्यायला राउटर कशाला. आणि तो थेट मला उत्तर देतो. माझ्या संगणकाने मात्र प्रश्न विचारलेला असतो `203.0.113.25` ला. `192.168.1.10` कडून आलेले उत्तर तो ओळखही न दाखवता परत लावतो, आणि पान कधीच उघडत नाही. आमच्याकडे प्रारंभी नेमके असेच होते: बाहेरून सारे सुरळीत, आत अंधार. मग एका तंत्रज्ञाने येऊन राउटरवर “NAT Loopback” नावाची खूण केली आणि चहा न घेता निघून गेला. त्या खुणेमागचे नियम लिनक्सच्या भाषेत साधारण असे असतात:

```
iptables -t nat -A PREROUTING -d 203.0.113.25 \
  -p tcp --dport 443 -j DNAT --to-destination 192.168.1.10
iptables -t nat -A POSTROUTING -s 192.168.1.0/24 \
  -d 192.168.1.10 -p tcp --dport 443 -j MASQUERADE
```

दुसरा नियम पाठवणाऱ्याचा पत्ताही पुसून तेथे राउटरचा आतला पत्ता लिहितो. त्यामुळे उत्तरालाही राउटरकडेच यावे लागते, तेथे दोन्ही पत्ते पूर्ववत होतात आणि माझ्या संगणकाचे समाधान होते. हा केसांच्या आकड्यासारखा वळणारा मार्ग चालतो, पण प्रत्येक बाइट राउटरमधून जातो. आमचा स्विच गिगाबिटचा होता, राउटरची पोर्टे मात्र १०० मेगाबिटची. म्हणजे ३०० ची जोडणी घेऊनही सरांचा पैसा त्या पोर्टाशीच अडत होता. (राउटरची पोर्टे गिगाबिटची असली तरी निश्चिंत राहू नये, अशा वळणाचे काम पुष्कळदा हार्डवेअरच्या जलद वाटेने न होता त्याच्या छोट्याशा प्रोसेसरवर पडते.)

येथे पिंगवर विश्वास ठेवणारे फसतात. बाहेरच्या पत्त्याला पिंग केले की उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येते, कारण ते बहुधा राउटर स्वतःच देतो. सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. खरे माप `iperf3` ने मिळते, मात्र त्यासाठी 5201 हे पोर्ट थोडा वेळ सर्व्हरकडे वळवावे लागते. थेट पत्त्यावर ९४० मेगाबिटच्या आसपास आणि बाहेरच्या पत्त्यावर ९४ च्या आसपास आकडा आला, तेव्हा मी तो कागद पर्यवेक्षकांच्या हाती दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

संथपणा एक वेळ सोसला असता. पण दुसऱ्या नियमामुळे सर्व्हरच्या नोंदवहीत कार्यालयातला प्रत्येक माणूस `192.168.1.1` याच नावाने नोंदला जात होता. सर्व्हरवर पहारा देणारा `fail2ban` हा प्रोग्राम पाच वेळा पासवर्ड चुकवणाऱ्या पत्त्याला दहा मिनिटे दाराबाहेर ठेवतो. लेखा विभागातल्या ताईंनी एका सकाळी कॅप्स लॉक लावून निष्ठेने पाच प्रयत्न केले, आणि पहारेकऱ्याने राउटरलाच, म्हणजे अख्ख्या कार्यालयाला, बाहेर काढले. बुटीबोरीचे सहकारी निवांत काम करीत होते. आम्ही मात्र सर्व्हरकडे पाहत बसलो होतो.

उपाय वळणाला मजबूत करण्यात नाही, ते टाळण्यात आहे. कार्यालयाच्या आत नावाचे उत्तरच वेगळे द्यायचे. आमच्या राउटरवर `dnsmasq` असल्यामुळे एक ओळ पुरली:

```
host-record=files.example.com,192.168.1.10
```

आता आतल्या संगणकाला थेट आतला पत्ता मिळतो, डेटा स्विचवरूनच जातो, आणि नाव तेच असल्यामुळे सुरक्षा प्रमाणपत्रही कुरकुर करीत नाही. दोन जीबीची फाइल वीस सेकंदांच्या आत उतरते. मात्र बाहेरचे आणि आतले पोर्ट एकच असावे लागते. बाहेर 8443 आणि आत 443 अशी योजना असेल तर हा उपाय निरुपयोगी ठरतो, कारण पोर्ट बदलणारा राउटर आता वाटेतच नसतो.

काही मंडळी तरीही जुन्याच वाटेने जातात. ज्यांच्या फोनमध्ये “Private DNS” चालू आहे किंवा ज्यांचा ब्राउझर नावे परस्पर बाहेर विचारतो, त्यांना आमची ती ओळ दिसतच नाही. `nslookup` ला योग्य उत्तर मिळते, ब्राउझर मात्र संथच राहतो, तेव्हा हे ओळखावे. आणि आमच्या सरांनी तर कोणाच्या तरी सल्ल्याने बाहेरचा पत्ता आकड्यांतच जतन करून ठेवला आहे. रोज प्रमाणपत्राची लाल सूचना येते, रोज ते ती बाजूला सारून आत जातात. मी त्यांना नाव वापरण्याविषयी सुचवून पाहिले. “आकडा कधी चुकत नाही,” असे ते म्हणाले. म्हणून राउटरवरचा तो दुसरा नियम मी काढलेला नाही, आणि `fail2ban` च्या सोडून देण्याच्या यादीत `192.168.1.1` लिहून ठेवले आहे.